पिवळ्या पानाला विचारायचे प्रश्न

झाडाची पाने पिवळी पडण्यामागे निदान डझनभर कारणे असू शकतात आणि त्यांतल्या काहींचे उपाय एकमेकांच्या अगदी उलट असतात. मुळांपाशी पाणी साचून पाने पिवळी पडली असतील, तर पाणी थांबवावे लागते. कुंडी वारंवार कोरडी पडून तसे झाले असेल, तर वाढवावे लागते. नत्र कमी पडले असेल तर खत हवे, आणि खताच्याच क्षारांनी मुळे करपली असतील तर खत बंद करून कुंडीतली माती भरपूर पाण्याने धुवावी लागते. 'पाने पिवळी पडताहेत, काय घालू?' एवढ्या एका वाक्यावर खताचे नाव सांगणे त्यामुळे धोक्याचे असते. बागकामात मुरलेला माणूस असा प्रश्न आला की आधी चार-पाच गोष्टी विचारून घेतो. त्या कोणत्या, कोणत्या क्रमाने विचारायच्या आणि प्रत्येक उत्तरावरून काय उलगडते, हे कुंडीतल्या कागदी लिंबाच्या उदाहरणाने नीट समजते. लिंबाचे पान जवळजवळ प्रत्येक तक्रार आपल्या रंगातून दाखवते, आणि महाराष्ट्रातल्या गच्च्यांवर हे झाड ठिकठिकाणी आढळते.

पानाचा हिरवा रंग हरितद्रव्याचा. या द्रव्याच्या रेणूच्या मध्यभागी मॅग्नेशियमचा एक अणू असतो आणि त्याच्याभोवती नत्राचे चार. या दोहोंपैकी एकही कमी पडला तर हिरवा रंग टिकत नाही. लोह मात्र या रेणूत कुठेच नसते. तरीही लोहाशिवाय हरितद्रव्य तयार होऊ शकत नाही, कारण ते घडवण्याच्या प्रक्रियेतल्या काही पायऱ्यांना लोह लागते. फिकट पडलेल्या झाडांना लोहाचे क्षार दिले की ती पुन्हा हिरवी होतात, हे फ्रान्समध्ये युजेन ग्रिस यांनी 1840 च्या दशकातच दाखवले होते. निदानाच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाची गोष्ट ही की नत्र आणि मॅग्नेशियम झाडाच्या अंगात एका जागेवरून दुसऱ्या जागी जाऊ शकतात, तर लोह एकदा पानात बसले की सहसा तिथेच राहते. नत्र अपुरे पडू लागले की झाड जुन्या पानांमधले नत्र काढून शेंड्याच्या कोवळ्या पानांना पुरवते. साहजिकच जुनी पाने आधी पिवळी पडतात. लोह कमी पडले तर जुन्या पानांतले लोह काढून घेता येत नाही, आणि नवी फूटच पिवळी जन्माला येते.

म्हणूनच पहिला प्रश्न नेहमी हा असावा: 'कोणती पाने पिवळी आहेत, खालची जुनी की शेंड्याची नवी?' या एका उत्तराने निम्मी कारणे बाजूला पडतात. खालची पाने आधी पिवळी होत असतील, तर नत्र, मॅग्नेशियम, पालाश, मुळांत साचलेले पाणी किंवा निव्वळ वय यांच्याकडे पाहायचे. शेंड्याची पाने पिवळी असतील, तर लोह, जस्त, मँगनीज किंवा गंधक यांच्याकडे. सगळे झाड एकाच वेळी पिवळे पडले असेल, तर बहुधा मुळांनाच काही झालेले असते, किंवा झाड नुकतेच सावलीतून कडक उन्हात आलेले असते.

वयाचा मुद्दा इथेच निकालात काढलेला बरा. जास्वंद, मोगरा, लिंबू यांची जुनी पाने आयुष्य संपले की एक-एक करून पिवळी होतात आणि गळतात. आतल्या बाजूची, सावलीत गेलेली दोन-चार पाने पिवळी आणि वरची फूट तजेलदार हिरवी, असे दृश्य असेल तर काहीही करायचे नसते. हिवाळ्यात चाफ्याची पाने पिवळी पडून झाड उघडेबोडके होते, तेही असेच नैसर्गिक. अशा झाडांना केवळ काळजीपोटी खत आणि पाणी वाढवले जाते आणि मग खरी अडचण उभी राहते.

दुसरा प्रश्न पिवळेपणाच्या नक्षीचा आहे. 'पान सगळे पिवळे आहे, की शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा झाला आहे?' नत्राच्या कमतरतेत संपूर्ण पान, शिरांसकट, सारखेच फिकट होते. लोहाच्या कमतरतेत कोवळ्या पानाचा मधला भाग पिवळा, कधीकधी जवळजवळ पांढुरका होतो आणि त्यावर बारीक हिरव्या शिरांचे जाळे रेखल्यासारखे स्पष्ट दिसते. जस्त कमी असेल तर शिरांमध्ये पिवळे पट्टे उमटतातच, पण पाने लहान आणि अरुंद निघतात व शेंड्याशी दाटीने गोळा होतात. लिंबूवर्गीय झाडात मॅग्नेशियमची खूण तर फारच ठळक असते: जुन्या पानाच्या कडा पिवळ्या होतात आणि देठाकडच्या बाजूला हिरव्या रंगाचा त्रिकोण शिल्लक राहतो, ज्याचे टोक पानाच्या टोकाकडे असते. फळे धरलेल्या फांदीवर ही खूण जास्त दिसते, कारण पोसणारे फळ जवळच्या पानांतले मॅग्नेशियम ओढून घेते.

याच्या नेमके उलट चित्र भेंडीत दिसते. भेंडीच्या पानाच्या शिराच पिवळ्या पडतात आणि मधला भाग सुरुवातीला हिरवा राहतो. हा विषाणूजन्य रोग आहे, पांढऱ्या माशीमुळे पसरतो आणि त्यावर कुठल्याही खताचा उपयोग नाही. रोगट रोप उपटून टाकणे एवढेच हाती उरते. हिरव्या शिरा आणि पिवळ्या शिरा हा फरक 'पाने पिवळी झालीत' या वाक्यात सामावत नाही. तो विचारूनच काढावा लागतो.

नक्षी विचारताना पानाची मागची बाजूही पाहायला सांगावी. पानावर सुईच्या टोकाएवढे असंख्य फिकट ठिपके पडून ते पिवळट-राखी दिसत असेल आणि मागे बारीक जाळे असेल, तर ते लाल कोळ्याचे काम असते. पांढऱ्या कागदावर फांदी झटकली की धुळीच्या कणासारखे जीव चालताना दिसतात. मागच्या शिरांलगत किंवा देठाच्या बेचक्यात कापसासारखे पुंजके असतील तर तो पिठ्या ढेकूण. यांचा बंदोबस्त न करता अन्नद्रव्ये दिली, तर कोवळ्या फुटीवर किडीचेच पोषण होते. म्हणून हा प्रश्न कधी गाळू नये, अगदी उत्तर 'कीड नाही' असे येईल याची खात्री असली तरीही.

तिसरा प्रश्न पाण्याचा, आणि तो विचारण्याची पद्धत सर्वांत महत्त्वाची. 'पाणी जास्त होत नाही ना?' असे विचारले की उत्तर जवळजवळ ठरलेले असते: नाही. झाडाला पाणी जास्त होते आहे असे वाटले असते, तर त्या माणसाने ते घातलेच नसते. त्याऐवजी 'पाणी केव्हा घालायचे हे कशावरून ठरवता?' असे विचारावे. 'रोज सकाळी एक तांब्या' असे उत्तर आले, तर पाणी झाडाच्या गरजेवरून नव्हे, सवयीवरून ठरते आहे हे कळते. मग पुढचे सांगावे: बोट दोन इंच मातीत घालून बघा, तिथे ओल आहे का; कुंडी उचलून पाहा, जड लागते का; खालच्या भोकांतून पाणी किती वेळात बाहेर येते; खाली ताटली आहे का आणि तिच्यात पाणी साचून राहते का. या प्रश्नांची उत्तरे मतांवर अवलंबून नसतात, ती पाहून द्यावी लागतात, आणि म्हणून ती भरवशाची असतात.

पाणी जास्त झाल्यावर पान पिवळे का पडते, हे कळले की या तपासणीचे मोल पटते. मुळांना श्वास घ्यायला हवा लागते. मातीच्या कणांमधल्या पोकळ्या सतत पाण्याने भरलेल्या राहिल्या की मुळांना प्राणवायू मिळत नाही. बारीक मुळे मरतात आणि उरलेली मुळे अन्नद्रव्ये उचलू शकत नाहीत. माती ओली असूनही झाड मान टाकते आणि ते पाहून घाबरलेला मालक आणखी पाणी घालतो. पावसाळ्यात जून ते सप्टेंबर उघड्या गच्चीवर ठेवलेल्या कुंड्यांमध्ये हे आपोआप घडते, शिवाय सततच्या पावसाने मातीतले नत्रही वाहून जाते. म्हणजे एकाच झाडात दोन कारणे एकमेकांत मिसळलेली असतात.

चौथा प्रश्न काळाचा: 'हे केव्हापासून सुरू झाले, आणि त्याआधीच्या महिना-दीड महिन्यात काय बदलले?' कुंडी बदलली, जागा बदलली, शेजारी इमारत उभी राहून ऊन अडले, नळाऐवजी कूपनलिकेचे पाणी येऊ लागले, गच्चीचे वॉटरप्रूफिंग झाले आणि त्या सिमेंटची धूळ कुंड्यांवर बसली, अशा गोष्टी सहसा कुणी आपणहून सांगत नाही, कारण त्यांचा पानांशी संबंध असेल असे वाटत नाही. पिवळेपणाचा वेगही बोलका असतो. आठवड्याभरात सगळी पाने पिवळी पडून गळली, तर मुळे किंवा मातीतल्या क्षारांवर संशय घ्यावा. दोन-तीन महिन्यांत हळूहळू फिकेपणा वाढला, तर अन्नद्रव्यांवर.

पाचवा प्रश्न विचारायला माणसे कचरतात, कारण त्यातून दोष दिल्यासारखे वाटते. पण तो विचारलाच पाहिजे: 'आतापर्यंत काय काय घालून झाले?' पिवळ्या झाडाच्या मालकाला सल्ले आधीच मिळालेले असतात. एप्सम सॉल्ट, अंड्याची टरफले, चहाचा चोथा, युरिया, ताक, केळ्याच्या सालीचे पाणी यांतले दोन-तीन प्रयोग बहुतेकदा होऊन गेलेले असतात. त्यामुळे मूळ लक्षणावर नवी लक्षणे चढतात. युरिया जास्त झाला तर पानांच्या कडा तपकिरी होऊन करपतात. एप्सम सॉल्ट म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट. मातीत मॅग्नेशियमचा साठा वाढला की मुळांना कॅल्शियम आणि पालाश उचलणे कठीण जाते. त्यामुळे लक्षण पाहण्याआधी त्यावर काय काय घातले गेले हे माहीत असणे आवश्यक असते.

आता लिंबाचे उदाहरण सविस्तर घ्यावे. पुण्यातल्या एका गच्चीवर चौदा इंची प्लास्टिकच्या कुंडीत तीन वर्षांचे कागदी लिंबू आहे, अशी कल्पना करू. मालक सांगतात, 'झाड पिवळं पडलंय, फुलं गळतात, कोणतं खत घालू?' एवढ्यावरून नत्र, पाणी, मॅग्नेशियम, लोह यांपैकी काहीही असू शकते. पहिल्या प्रश्नाला उत्तर येते की खालची पाने गडद हिरवी आहेत आणि पिवळेपणा शेंड्याकडे आहे. इथेच नत्र आणि मॅग्नेशियम मागे पडतात. दिवसाच्या उजेडात, पण थेट उन्हाचा झोत नसताना काढलेला फोटो मागवला, एकाच तळहातावर जुने पान, नवे पान आणि उलटे धरलेले पान असा, तर नव्या पानावर हिरव्या शिरांचे जाळे स्पष्ट दिसते आणि मागे कीड नाही. संध्याकाळी पिवळ्या दिव्याखाली काढलेला फोटो इथे निरुपयोगी असतो. त्यात हिरवे पानही पिवळेच दिसते.

पाने नेहमीच्याच आकाराची आहेत, म्हणून जस्तापेक्षा लोहाची शक्यता जास्त. परंतु लोहावर बोट ठेवण्याआधी एक गोष्ट तपासावी लागते. पाण्याने गुदमरलेली मुळेही लोह उचलू शकत नाहीत, आणि तेव्हाही नवी पाने अगदी अशीच दिसतात. म्हणून पाण्याचे प्रश्न विचारले जातात. उत्तर येते: बोटाला दोन इंचांवर ओल लागत नाही, कुंडी दुसऱ्या दिवशी हलकी होते, ताटली नाही. कुंडी आडवी करून मातीचा गोळा थोडा बाहेर सरकवायला सांगितल्यावर कळते की मुळे पिवळसर-पांढरी आणि टणक आहेत. कुजलेले मूळ तपकिरी आणि मऊ असते. चिमटीत धरून ओढले की त्याची साल निघून हातात बारीक दोरा राहतो, आणि मातीला आंबट कुबट वास येतो. इथे तसे नाही. मुळे निरोगी ठरली.

आता काळाचा प्रश्न. मालकांना आठवते की एप्रिलपासून सोसायटीत नळाचे पाणी कमी येऊ लागले आणि गच्चीवरच्या टाकीत कूपनलिकेचे पाणी भरले जाऊ लागले. पिवळेपणा जूनमध्ये लक्षात आला. 'कुंडीच्या काठावर किंवा मातीवर पांढरा थर दिसतो का?' या प्रश्नाला उत्तर येते, 'हो, भोकांच्या कडेलाही आहे.' शेवटी काय घातले ते विचारले, तेव्हा दोनदा एप्सम सॉल्ट आणि दर महिन्याला मूठभर अंड्याची टरफले, असे समजते.

या सगळ्याचा अर्थ जोडत गेले की चित्र तयार होते. दख्खनच्या पठारावरच्या बेसॉल्ट खडकातून येणारे कूपनलिकेचे पाणी अनेक ठिकाणी जड असते, म्हणजे त्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे बायकार्बोनेट विरघळलेले असतात. असे पाणी कुंडीत रोज पडले आणि सुकले की पांढरा थर उरतो आणि मातीचा सामू हळूहळू वर जातो. सामू साडेसातच्या वर गेला की मातीत लोह असले तरी ते मुळांना विरघळलेल्या रूपात फारसे मिळत नाही. म्हणजे झाड उपाशी आहे ते लोह नसल्याने नव्हे, तर असलेले लोह कुलूपबंद झाल्याने. अंड्याची टरफले कॅल्शियम कार्बोनेटची, म्हणजे चुन्याच्याच कुळातली. त्यांनी त्याच दिशेला थोडी भर घातली. एप्सम सॉल्टने काही साधले नाही, कारण मॅग्नेशियम कमी नव्हतेच. शेतातही हे रूप ओळखीचे आहे. महाराष्ट्रातल्या चुनखडीयुक्त जमिनीत वाढणाऱ्या उसाची नवी पाने लोहाअभावी पिवळी-पांढरी पडतात, आणि शेतकरी त्याला केवडा म्हणतात.

एवढे झाल्यावरही 'लोह कमी आहे' असे ठाम विधान करण्याऐवजी, ते तपासण्याची सोपी चाचणी सांगावी. लोहाचा स्वस्त क्षार म्हणजे हिराकस, अर्थात फेरस सल्फेट. ताज्या हिराकशीचे खडे फिकट हिरवे असतात. तपकिरी पडलेली पूड हवेने बिघडलेली असते आणि तिचा उपयोग कमी होतो. एक लिटर नळाच्या किंवा पावसाच्या पाण्यात दोन ग्रॅम हिराकस आणि साधारण अर्धा ते एक ग्रॅम लिंबूसत्त्व विरघळवावे. या द्रावणाने झाडाची फक्त एकच फांदी, तिच्या नव्या पानांच्या दोन्ही बाजू, संध्याकाळी ओल्या कराव्यात. बाकीचे झाड तसेच ठेवावे. आठ-दहा दिवसांत त्या फांदीची पाने हिरवी होऊ लागली, निदान जिथे थेंब बसले तिथे हिरवे ठिपके उमटले, तर कारण लोहच होते. काहीच फरक पडला नाही, तर निदान चुकले असे समजून मँगनीज आणि मुळे यांकडे परत वळावे. द्रावण दुपारच्या उन्हात फवारले तर पान करपते, आणि फरशीवर सांडले तर गंजासारखा डाग बसतो. दोन्ही गोष्टी आधीच सांगाव्यात.

चाचणी खरी ठरली, तर उपाय मुळांपाशी करावा लागतो, कारण फवारणी फक्त तेवढ्या पानांपुरती पुरते आणि पुढची फूट पुन्हा पिवळी येते. चुनखडीच्या मातीत हिराकस घातली तर तिचे लोह लवकरच न विरघळणारे होते. यासाठी चिलेटयुक्त लोह वापरतात, ज्यात लोहाचा अणू एका सेंद्रिय रेणूच्या पकडीत सुरक्षित असतो. मात्र इथेही एक चूक सर्रास होते. बाजारात सहज मिळणारे ईडीटीए चिलेट सामू साडेसहाच्या आसपास गेला की सुटू लागते. जड पाण्याच्या कुंडीत ते मातीतून देऊन फारसा उपयोग होत नाही. ईडीडीएचए या प्रकारचे चिलेट जास्त सामूतही टिकते. त्याचे द्रावण गडद लालसर असते आणि ते पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणातच ओल्या मातीत ओतायचे असते. अधिक घातल्याने झाड लवकर सुधारत नाही.

याबरोबरच पाण्याची बाजू सांभाळावी लागते, नाहीतर काही महिन्यांत तेच चक्र फिरते. पावसाचे पाणी बादलीत किंवा पिंपात साठवून ते या झाडासाठी वापरणे सर्वांत चांगले. ते शक्य नसेल, तर आठवड्यातून एकदा तरी नळाचे पाणी भोकांतून वाहून जाईपर्यंत घालून क्षार धुऊन काढावेत. मातीवरचा पांढरा थर वरवर खरवडून टाकावा आणि त्याजागी चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत पसरावे. अंड्याची टरफले बंद करावीत. तीन वर्षांच्या मुळांनी कुंडी भरली असेल, तर पुढच्या हंगामात थोडी मोठी कुंडी आणि नवी माती द्यावी. माती निवडताना तिच्यात चुनखडी आहे का, हे घरीच पाहता येते: कोरड्या मातीच्या चिमटीवर व्हिनेगरचे थेंब टाकावेत, फेस आला तर त्या मातीत चुना भरपूर आहे आणि लिंबू, अनंत किंवा जास्वंद यांच्यासाठी ती टाळलेली बरी.

उत्तर देताना सुधारणा कशी ओळखायची, हेही सांगणे गरजेचे आहे. लोहाअभावी पिवळे झालेले कोवळे पान वेळेवर उपाय झाला तर हिरवे होऊ शकते. पण नत्राअभावी पिवळे झालेले जुने पान बहुधा गळूनच जाते. त्यामुळे जुन्या पानांकडे पाहून 'औषध लागू पडले नाही' असा निष्कर्ष काढू नये. उपायानंतर आलेली नवी फूट काय रंगाची निघते, हाच निकष. त्यासाठी दोन-तीन आठवडे लागतात, आणि तोवर दुसरे काहीही घालू नये. एका वेळी एकच बदल केला, तरच कशाने फरक पडला हे कळते.

काही खुणा मात्र अशा आहेत की त्या दिसल्यावर फोटो आणि प्रश्नोत्तरांवर विसंबू नये. अन्नद्रव्याच्या कमतरतेची नक्षी मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना साधारण सारखी असते. लिंबाच्या पानावर एका अर्ध्यात पिवळे डाग आणि दुसऱ्या अर्ध्यात हिरवे, असे विषम ठिगळ दिसले आणि फळे वाकडी, लहान व अर्धी हिरवी राहू लागली, तर तो सायला किडीने पसरणारा जिवाणूजन्य ग्रीनिंग रोग असू शकतो. हा रोग झालेल्या झाडाला बरे करणारा उपाय उपलब्ध नाही, आणि त्याचे डोळे किंवा कलमे दुसरीकडे देणे म्हणजे रोग पसरवणे होय. खोडाच्या बुंध्याशी साल फाटून डिंक वाहत असेल, तर तो विदर्भातल्या संत्राबागांना नेहमी सतावणारा डिंक्या. त्यातही पाने पिवळी पडतात, पण मूळ रोग खोडात आणि मुळांत असतो. अशा वेळी नमुन्याची फांदी, थोडी मुळे आणि मातीसह जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा कृषी महाविद्यालयात दाखवावे. लिंबूवर्गीय झाडांसाठी नागपूरला केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आहे. कुंडीतल्या मातीचा सामू आणि क्षार मोजून घ्यायचे असतील, तर माती परीक्षण प्रयोगशाळेत ते काम अल्प शुल्कात होते; नमुना घेताना वरचा थर बाजूला करून चार-पाच इंच खोलवरची माती दोन-तीन जागांहून घ्यावी, सावलीत वाळवावी आणि खत घातल्यानंतर लगेच नमुना घेऊ नये.